अनुभव धागा: अंडाशयात गाठ होती, आणि अचानक एका बाजूने पोटात कळ उठली

तापीकाठची:
आमच्या गल्लीतल्या एका सुनेला परवा रात्री उलट्या करत जळगावला नेलं. तिच्या उजव्या अंडाशयात गाठ आहे हे तिच्या सासूने मला आखाजीलाच सांगितलं होतं, पण गाडी येईपर्यंत सगळे पित्त, पित्त करत होते. निघालं वेगळंच: गाठीसकट अंडाशय स्वतःभोवती फिरून त्याला पीळ बसला होता. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. तिचं ते गुडघे पोटाशी घेऊन कण्हणं ऐकलं आणि माझं सगळं आठवलं. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी इथे लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.

माझी उजवीकडे 7 सेंटीमीटरची डर्मॉइड गाठ होती. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडली. मॅडमनी ऑपरेशन सांगितलं होतं, कापूस घरात आला की करायचं असं ठरलं होतं. एका पहाटे कूस बदलली आणि उजव्या ओटीपोटात अशी कळ आली की घड्याळात बघून वेळ सांगावी. पाठोपाठ उलटी. जुलाब नाहीत, ताप नाही. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत दुखणं उतरलं, मी मऊ खिचडीही खाल्ली. घरचे म्हणाले, झालं बरं. संध्याकाळी परत तेच, सकाळपेक्षा जास्त.

जळगावला सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला की अंडाशयाला रक्तपुरवठा दिसतोय. माझ्या दिरांनी तिथल्या तिथे घरी फोन करून सांगितलं, काळजी नाही. पण मॅडमनी पोटाला हात लावला, जुनी फाइल बघितली आणि एकच विचारलं, "सकाळी दुखलं, मग पूर्ण थांबलं, मग परत आलं, असंच ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "पुरवठा दिसतोय म्हणून पीळ नाही असं मी म्हणणार नाही. दुर्बिणीने आत बघते." रात्रीच घेतलं. दीड वेढा बसलेला होता.

मेहरुणची बोर:
माय वं! अंगावर काटा आला. माझी पण आहे, 4 सेंटीमीटरची, पाण्याची, डावीकडे. परत सोनोग्राफीला बोलावलंय. डावीकडची फिरत नाही म्हणतात ना?

पारोळ्याचा भाऊ:
माझ्या बहिणीचं आखाजीच्या झोक्यावर झालं. गाठ असेल तर झोका बंद, जड उचलणं बंद. आणि दुखलं की दुखण्याची गोळी घ्यायची नाही, नाहीतर डॉक्टरला काही कळत नाही. 5 सेंटीमीटरच्या आतली गाठ फिरत नाही, मेहरुणताईंनी घाबरू नये.

शहादेकर:
मी सोनोग्राफी करतो, पेशंटच्या मधल्या वेळात लिहितोय, तुटक असेल.

तापीकाठच्या ताईंच्या मॅडम बरोबर होत्या. अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी येतं, एक वाट वरून आणि एक गर्भाशयाकडून. पीळ बसला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दाबल्या जातात, रक्त आत जातं पण बाहेर निघत नाही, अंडाशय सुजत जातं. धमनीत रक्त वाहताना बराच वेळ दिसू शकतं. पीळ सैल असेल किंवा सुटून परत बसत असेल तरी दिसतं. म्हणून डॉपलरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रंग दिसला तर मी "पीळ नाही" असं लिहीत नाही. रंग नाहीच दिसला तर मात्र संशय फार बळावतो. माझी नजर आधी दुसऱ्या बाजूशी तुलना करते: हे अंडाशय किती मोठं झालंय, त्यातली छोटी बीजं कडेला ढकलली गेलीत का, ते जागा सोडून मधे सरकलंय का, आणि देठाशी भोवऱ्यासारखा वेढा दिसतो का. तो वेढा दिसला तर वाद संपला. पण पोट दुखत असताना, गॅस भरलेला असताना दरवेळी दिसतोच असं नाही. शेवटी खात्री आत बघितल्यावरच होते.

पेशंट आला, नंतर लिहितो.

चोपड्याची वहिनी:
शहादेकर भाऊ, हे आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर. मला आधी मुतखडा म्हणाले, मग अपेंडिक्स. सलाईनवर ठेवलं. मी सांगत होते की गाठ आहे, पण सोबत फाइल नव्हती. मधे दुखणं एकदम कमी झालं, सगळ्यांना वाटलं औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तर अंडाशय काळं पडलेलं, काढूनच टाकलं. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. आई रडून रडून अर्धी झाली, हिचं कसं होणार म्हणून. पुढे दोन मुलं झाली, दोन्ही एका अंडाशयावर.

मेहरुणची बोर:
वहिनी, तुम्हाला घट्ट मिठी.

रावेरकर:
आमच्याकडे फक्त पीसीओडी आहे, बायकोचं वजन वाढतंय. त्यासाठी कोणी चांगला आहार सांगेल का? भाकरी बंद करावी का?

तापीकाठची:
रावेरकर भाऊ, ते वेगळं. त्यात बारीक बारीक बीजं असतात, अशी एक मोठी गाठ नसते. वेगळा धागा काढा, तिथे बऱ्याच जणी सांगतील. कळण्याची भाकरी बंद करू नका, एवढं मी आत्ताच सांगते.

भुसावळची मावशी:
कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन कोणाचं काही वाईट झालेलं नाही 😄 यंदा बामणोदची वांगी मिळाली का कोणाला?

रावेरकर:
मिळाली की मावशी. डबा पाठवतो.

शहादेकर:
आलो परत.

मेहरुणताई, डावीकडचंही फिरतं. उजवीकडे जास्त आढळतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा भाग जागा अडवून बसलेला असतो. पारोळ्याचे भाऊ, 5 सेंटीमीटरच्या पुढे धोका वाढतो हे खरं, पण त्याआतलं फिरतच नाही हे खरं नाही. कधी गाठ नसतानाही फिरतं, विशेषतः लहान मुलींमध्ये. झोक्याचं मी ठाम सांगू शकत नाही. जोराच्या हालचालीनंतर झालेले पेशंट असतात, पण झोपेत झालेलेही तितकेच बघतो.

दुखण्याच्या औषधाने निदान लपतं ही जुनी समजूत. दवाखान्यात तपासून दिलेलं इंजेक्शन खुशाल घ्या. धोका वेगळाच आहे: दुखणं थांबलं म्हणून माणूस घरी परत जातो. पीळ तात्पुरता सुटला तरी दुखणं थांबतं, आणि चोपड्याच्या वहिनींसारखं अंडाशय मरत आलं तरी कमी वाटू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पारोळ्याचा भाऊ:
बरं झालं सांगितलं. बहिणीला आम्ही रात्रभर काही दिलं नव्हतं, ती तळमळत होती.

चोपड्याची वहिनी:
एक विचारू? तापीकाठच्या ताईंचं काळं पडलेलं होतं का? त्यांचं ठेवलं आणि माझं काढलं, असं का?

तापीकाठची:
वहिनी, माझंही जांभळं-काळंच होतं. मॅडमनी नंतर मोबाइलवर दाखवलं. पिकून फुटायला आलेल्या जांभळासारखं. त्यांनी पीळ सोडवला आणि काही मिनिटं नुसत्या थांबल्या. रंग थोडा परतला, पूर्ण नाही. तरी ठेवलं. गाठ तेवढी सोलून काढली, आत केस आणि लोण्यासारखी चरबी. काही महिन्यांनी सोनोग्राफीत त्याच अंडाशयात बीज वाढताना दिसलं. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांना मेलेलं दिसतं ते बऱ्याचदा जिवंत असतं.

शहादेकर:
वहिनी, पूर्वी रिवाजच काढण्याचा होता. पीळ सोडवला तर आत साकळलेल्या रक्ताची गुठळी फुप्फुसाकडे जाईल अशी भीती असायची. पुढे हजारोंचे पीळ सोडवले गेले, ती भीती खरी ठरली नाही. म्हणून आता, मूल व्हायचं वय असेल तर, रंग कसाही असो, सोडवून ठेवण्याकडे कल असतो. तुमच्या डॉक्टरांनी त्या काळाप्रमाणे केलं असावं. आणि किती तासांनी अंडाशय मरतं याचा पक्का आकडा कोणाकडे नाही. उशीर झाला म्हणून आशा सोडायची नाही, आणि आशा आहे म्हणून उशीर करायचा नाही.

चोपड्याची वहिनी:
बरं वाटलं भाऊ. इतकी वर्षं मनात होतं.

भुसावळची मावशी:
केस निघाले म्हणता? आमच्या गावात एकीच्या गाठीत दात निघाला होता, तर लोक करणी म्हणाले. त्या बिचारीला माहेरीच पाठवलं.

तापीकाठची:
मावशी, माझ्या सासूबाईपण बिचकल्या होत्या. मॅडमनी त्यांना बसवून सांगितलं, की ज्या पेशीपासून बीज बनतं तिच्यात केस, दात, कातडी सगळं घडवायची ताकद असते, ती भलत्या वेळी जागी झाली की अशी गाठ होते. ती पेशी जन्मापासूनच अंगात असते. सासूबाईंना पटलं.

साक्रीकर:
आमचं थोडं वेगळं. मूल होण्यासाठी इंजेक्शनं चालू होती, त्याने दोन्ही अंडाशयं फुगली होती. बायकोला दिवस गेले आणि दुसऱ्या महिन्यात डावीकडे कळ अन् उलट्या. घरच्यांनी उलट्या म्हणजे डोहाळेच धरले. कळ एकाच बाजूला होती म्हणून मी ऐकलं नाही, 108 बोलावली. तिथे आधी नळीत गर्भ तर नाही ना ते बघितलं, तो गर्भाशयातच होता. मग दुर्बिणीने पीळ सोडवला. गर्भ टिकला, मुलगी आता अंगणवाडीत जाते.

मेहरुणची बोर:
गोड पापा तिला. मला एक सांगा, रात्री-अपरात्री झालं तर फोनवर काय सांगायचं? आमच्या इथून जळगाव जवळ आहे, पण घरचे "सकाळी बघू" म्हणतील.

शहादेकर:
पहिल्या वाक्यातच गाठ सांगा: कुठल्या बाजूला, किती सेंटीमीटर, मग कळ किती वाजता सुरू झाली, उलट्या आहेत का, मधे थांबून परत आली का, शेवटची पाळी कधी. "पोट दुखतंय" एवढंच सांगितलं तर पित्ताची गोळी मिळते. निघाल्यापासून तोंडात काही घालू नका, चहासुद्धा नाही, भूल द्यावी लागेल. जुना रिपोर्ट सोबत ठेवा. आणि जिथे रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशनची सोय आहे तिथेच थेट जा. रात्री सोनोग्राफी मिळत नाही म्हणून सकाळपर्यंत घरी थांबू नका.

पारोळ्याचा भाऊ:
मग गाठ आहे कळल्यावर लगेच काढूनच का टाकू नये?

तापीकाठची:
माझी डर्मॉइड होती, ती आपोआप जात नाही, म्हणून काढायचीच होती.

साक्रीकर:
आमच्या डॉक्टरांनी उलट सांगितलं, पाण्याची असेल तर थांबा, बऱ्याच विरघळतात. विनाकारण चाकू लावला तर चांगलं अंडाशयही थोडं जातं.

शहादेकर:
दोघंही बरोबर. मधल्या आकाराच्या गाठींबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. परत फिरू नये म्हणून टाका घालून अंडाशय बांधावं का, यावरही नाही.

भुसावळची मावशी:
माझ्या जाऊबाईंची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांनाही गाठ निघालीय. त्यांचं नाही ना फिरणार आता?

शहादेकर:
फिरू शकतं मावशी. कमी वेळा, पण बघितलंय. त्या वयात गाठ कशाची आहे हा प्रश्न आधी येतो, आणि ऑपरेशन करावं लागलं तर बहुतेक वेळा अंडाशय काढूनच टाकतात. त्यांचा रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवला का?

भुसावळची मावशी:
नाही अजून. सोमवारी नेते.