अनुभव धागा : गणवेशाच्या शर्टाच्या खिशात बॉलपेन गळते तेव्हा

उंबरठा
आज मुलगा शाळेतून आला तो दप्तर छातीशी घट्ट धरूनच, आणि ते बाजूला केल्यावर पांढऱ्या सुती शर्टाच्या खिशाच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढा निळा डाग दिसला. तो पाहताच मला माझी पाचवी आठवली. आईने माझा असाच शर्ट तातडीने कढत पाण्यात साबणचुऱ्यासह भिजवला होता. डाग गेला तर नाहीच, उलट तळहाताएवढा जांभळट होऊन बसला, आणि उरलेले वर्ष मी प्रार्थनेला वही छातीशी धरून उभी राहिले. त्या आठवणीमुळे आज मी शर्टाला पाण्याचा थेंबही लावलेला नाही. तो खुर्चीवर तसाच आहे आणि डाग दोन तासांपूर्वीचा आहे. आपापले अनुभव कृपया लिहावेत, फसलेलेही चालतील.

गोदाकाठ
आमच्याकडे असा शर्ट रात्रभर दुधात भिजवून ठेवत असत आणि सकाळी तो स्वच्छ निघत असे. माझ्या तिन्ही भावांचे गणवेश आजीने असेच वाचवलेले आहेत.

सूतगिरणी
इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये माझी वीस वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गोदाकाठ यांच्या आजींचा अनुभव खोटा नाही, परंतु तो बहुधा दौतीतल्या शाईचा असावा. ती शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे तिला दूधच काय, वेळेवर मिळालेले साधे पाणीही पुरते. बॉलपेनमधली शाई म्हणजे घट्ट, तेलकट लगदा असतो. तिच्यातला रंग पाण्यात विरघळत नाही आणि सोबत चिकटपणासाठी राळेसारखा पदार्थ असतो. साबण लावून चोळले की हा लगदा सुटत नाही, फक्त शेजारच्या धाग्यांवर सारवला जातो.

तिला विरघळवते ते अल्कोहोल. औषधाच्या दुकानात इंजेक्शनपूर्वी लावायचे स्पिरिट मिळते, ते आणावे. मात्र विरघळलेल्या शाईला जायला जागा हवी, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. डागाखाली जुन्या सुती धोतराची किंवा बनियनची चौपदरी घडी ठेवावी, शर्ट उलटा करून मागच्या बाजूने स्पिरिटचा बोळा टेकवावा, म्हणजे शाई ज्या वाटेने आली त्याच वाटेने खालच्या कापडात उतरते. घासू नये, फक्त दाबावे, आणि कडेकडून मधोमध यावे. खालचे कापड निळे झाले की कोरडी जागा पुढे सरकवावी. ते सरकवले नाही तर निघालेली शाई पुन्हा शर्टातच शिरते.

आठवडी बाजार
मी सॅनिटायझर वापरला होता आणि तो चालला, त्यामुळे दुकानात धावण्याची गरज नाही.

सूतगिरणी
चालतो, कारण त्यातही अल्कोहोलच असते. परंतु जेल घट्ट असल्यामुळे कापडातून खाली झिरपत नाही आणि शाई वरच्या वर तरंगत राहते. पातळ, फवारायचा सॅनिटायझर असेल तर तो अधिक बरा.

काजबटण
मी शिवणकाम करते, त्यामुळे खिशाविषयी सांगते. खिसा म्हणजे कापडाचे दोन थर असतात आणि रिफिल गळते ती बहुतेक तळाच्या शिवणीत. वरून कितीही टिपले तरी शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडात शाई साठून राहते, आणि पुढच्या धुण्यात ती बाहेर येते. मग लोक म्हणतात की डाग परत आला. माझ्याकडे असा शर्ट आला तर मी खिशाची तळाची शिवण उसवते, दोन्ही थर वेगळे करून स्वच्छ करते आणि पुन्हा टीप मारते. एवढे करायचे नसेल तर निदान खिशाच्या आत कापडाची घडी सरकवावी, म्हणजे खिशाची शाई छातीच्या कापडावर उतरणार नाही.

पाऊलवाट
आमच्या कन्येचा शर्ट फिकट निळ्या चौकटींचा आहे आणि मी घाईने त्यावर कपडे पांढरे करायचे ब्लीच ओतले. चौकटी उडाल्या, शाई मात्र फिकट होऊन राहिली. आता तिथे पांढऱ्या ठिपक्यात निळा ठिपका आहे आणि ती त्याला डोळा म्हणते.

उंबरठा
पाऊलवाट, मनापासून सहानुभूती, पण हसूही आले. मी स्पिरिट आणले आहे. गॅस बंद करून, खिडकी उघडून बसते.

सातासमुद्रापार
आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि इथे शर्ट मशिनमधून थेट ड्रायरमध्ये जातो. डाग थोडा फिकटला आहे, उरलेला पुढच्या वेळी निघेल, असे समजून मी तो वाळवला, आणि त्या उष्णतेनंतर तो स्पिरिटलाही दाद देईना. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत ड्रायर आणि इस्त्री दोन्हींपासून शर्ट दूर ठेवावा, एवढे मी पैसे घालवून शिकले.

मध्यान्ह
माझ्या मुलाच्या शर्टावर मी हे सगळे अगदी असेच केले आणि काहीही झाले नाही. खालचे कापड पांढरेच राहिले. स्पिरिटमध्ये भेसळ असते का?

सूतगिरणी
पेन जेलचे होते का, ते आधी पाहावे. त्यातल्या अनेक शायांमध्ये रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात, ते धाग्यांत अडकतात आणि स्पिरिट त्यांना हलवत नाही. कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून डागाच्या कडेवर टेकवावे. कापूस लगेच निळा झाला तर शाई बॉलपेनची आहे. कोराच राहिला तर स्पिरिट वाया घालवू नये.

मध्यान्ह
जेलचेच होते. मग त्यावर उपाय कोणता?

उंबरठा
झालेले लिहिते. काजबटण यांचे ऐकून शिवण उसवली, आणि आत खरोखरच गडद निळी रेघ होती. पहिल्या बोळ्याला डाग भोवती पसरला, तेव्हा छातीत धस्स झाले. परंतु तो खाली उतरत होता, कारण घडीवर त्याच आकाराचा ठसा उमटला होता. कापड सहा वेळा सरकवले. तिसऱ्या वेळेपर्यंत ठसा गडद होता, नंतर जांभळट, आणि सहाव्या वेळी जेमतेम दिसण्याइतका. एकूण पाऊण वाटी स्पिरिट लागले. मग भांडी घासायचे द्रव साबण दोन थेंब बोटाने लावून दहा मिनिटे ठेवले आणि गार पाण्यात खळबळले. ओला असताना शर्ट स्वच्छ वाटत होता, पण पंख्याखाली वाळल्यावर शिवणीच्या जागी केसाएवढी फिकट रेघ दिसली, म्हणून तेवढ्या भागावर पुन्हा एकदा तेच केले.

गोदाकाठ
माझे अजूनही मत आहे की आजीच्या काळात बॉलपेने आली होती आणि दूध चालत असे. सूतगिरणी यांनी एकदा करून पाहावे.

सूतगिरणी
जुन्या फडक्यावर करून पाहीन. साय काढलेले घ्यावे की सायीसकट?

काजबटण
उंबरठा, खिसा पुन्हा शिवताना दोन्ही टोकांना उलटी टीप घालावी, नाहीतर मुलगा आठवडाभरात पुन्हा उसवून आणेल. आणि टोपण नसलेले पेन खिशात उलटे खोवतो का, तेही विचारावे.

उंबरठा
विचारले. टोपण त्याने मित्राला शिट्टी करायला दिले आहे.