विमानातले आवाज आणि शेजारच्या सीटवरचं माणूस : तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_क
काल मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच विमानात बसायचंय, आणि उंचीपेक्षा त्यांना आवाजांचीच धास्ती आहे. त्यांच्याशी बोलताना माझा पहिला प्रवास आठवला, म्हणून लिहायला बसले.

माझी सीट पंखाच्या जरा मागे, खिडकीशी. शेजारी साठीच्या एक बाई, मांडीवर मासिक. मी हात टेकायची दांडी घट्ट धरलेली त्यांनी पाहिली आणि मासिक मिटून ठेवलं. दारं लागली. थोड्या वेळाने डोक्यावरची गार हवा एकदम बंद पडली. मी दचकून वर बघितलं तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इंजिन सुरू करतायत. इतका वेळ शेपटातलं छोटं इंजिन आपल्याला हवा देत होतं, आता तीच हवा मोठं इंजिन फिरवायला लागते. दोन्ही चालू झाली की येईल परत." दिवे क्षणभर लुकलुकले. "वीज आता मोठ्या इंजिनावर गेली." खरंच हवा परत आली.

मग पायाखालून घर्र-घर्र, घर्र-घर्र. कुणीतरी खाली करवत चालवतंय असंच वाटलं. त्या म्हणाल्या, "हायड्रॉलिकच्या एका लाइनचा दाब कमी पडला तर दुसरीकडून जोर देणारं यंत्र आहे, ते स्वतःची चाचणी घेतंय. थांबेल आता." थांबलं.

धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी पुढचं सगळं आधीच सांगून टाकलं. "जमीन सुटली की खालून धाडकन आवाज येईल, चाकं आत जातात आणि झाकणं मिटतात. ते सोपं आहे. त्यानंतरचं नीट ऐक. इंजिनांचा आवाज एकदम उतरेल आणि पोटात खड्डा पडेल. आपण खाली जात नसतो, चढणं चालूच असतं, फक्त जोर कमी केलेला असतो. मी बोट वर करते तेव्हा समज."

विमान उठलं, धाडकन झालं. मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. तर्जनीच्या नखाशी काळपट, कधीच न जाणारा डाग होता. ते बोट वर झालं आणि पुढच्याच क्षणी आवाज उतरला. पोट हललंच, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हणाल्या, "आता पंख बघ." पंखाच्या मागच्या कडेला बाहेर आलेली रुंद फळी घरंगळत आत चालली होती, तिचाच तो बारीक घुंईंईं आवाज. फट मिटली आणि आवाज थांबला.

नंतर कळलं की विमानांच्या देखभालीत त्यांची अख्खी नोकरी गेली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

तुम्हाला असं कुणी भेटलं का? कुठला आवाज आला की छातीत धस्स होतं? जाऊबाईंना सगळं वाचून दाखवणार आहे.

निवांत
किती गोड बाई गं! मला कुणीच सांगितलं नाही. तो आवाज उतरला तेव्हा इंजिन बंद पडलं असंच वाटलं, आणि पलीकडच्या अनोळखी बाईंचा हात धरला. त्यांनी सोडवून नाही घेतला, एवढं आठवतं. कुकर लावून येते, उतरतानाचं लिहायचंय.

फिरस्ता
तो जोर खालच्या वस्तीला त्रास होऊ नये म्हणून कमी करतात. आवाजाचे नियम असतात. वस्ती मागे पडली की परत पूर्ण जोर.

हँगरमधला
फिरस्ता, वस्ती हे एक कारण आहे, पण वस्ती नसली तरी जोर कमी करतातच. उड्डाणाचा जोर इंजिनाला सलग सहसा ५ मिनिटंच देता येतो आणि त्याने झीजही जास्त होते. म्हणून साधारण १००० ते १५०० फुटांवर इंजिन चढाईच्या जोरावर आणतात. परत पूर्ण जोर देत नाहीत, तशी गरजच नसते. त्याच सुमाराला वेग वाढवायला नाक जरा खाली घेतात. आतापर्यंत पाठीला मागे रेटणारा जोर कमी झाला की आतल्या कानाला वाटतं आपण पडतोय. खिडकी नसलेल्या सीटवर जास्त वाटतं, कारण डोळे कानाला खोडून काढू शकत नाहीत.

मृण्मयीताई, जाऊबाईंना एक जरूर सांगा. ती घर्रघर्र एअरबस ए ३२० आणि तिच्या भावंडांची ओळख आहे. दुसऱ्या बनावटीचं विमान असलं तर ती बहुधा ऐकूच येणार नाही. नाही आली म्हणून काही बिघडलंय असं समजू नये.

सईची_आई
आवाजाचं माहीत नाही, पण कानाचं विचाराल तर उतरताना सई फार रडायची. झोपलेली असली तरी विमान उतरायला लागलं की उठवून पाणी पाजायचं. झोपेत गिळणं कमी होतं आणि दडे बसतात.

मृण्मयी_क
@हँगरमधला, ते घर्रघर्र न येण्याचं बरं सांगितलंत. मी तर "हा आवाज येईलच" असं छातीठोक सांगून बसले होते. आज परत फोन करते.
अवांतर: जाऊबाई श्रवणयंत्र लावतात. ते काढून ठेवावं लागतं का?

पाऊलवाट
नाही हो. माझे बाबा लावूनच बसतात, फक्त आवाज जरा कमी करून ठेवतात. काढलं तर सूचना कशा ऐकू येणार?

निवांत
आले. परतीच्या वेळी शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, विमानांचा भारी नाद. मी डोळे मिटून बसलेली. "काकू, आता चाकं बाहेर येतील, मग वाऱ्याचा घोंघाट वाढेल तो तसाच राहणार." तसंच झालं. "टेकलं की पंखावरच्या फळ्या उभ्या राहतात, मग इंजिन ओरडतं, पण ते थांबण्यासाठी ओरडतं." ते वाक्य मी अजून घरात सगळ्यांना सांगते. त्याची आई त्याला "काकूंना त्रास देऊ नकोस" म्हणत होती. मीच म्हटलं, बोलू दे त्याला.

हँगरमधला
शाब्बास त्या मुलाची! इंजिन उलटं फिरत नाही, पंख्याची हवा तिरपी पुढे वळवतात. धावपट्टी कोरडी आणि लांब असली तर हा आवाज अगदी कमीही येतो. थांबवायचं मुख्य काम चाकांच्या ब्रेकचं.

कुहू
मला ते टिंग टिंग. दर वेळी वाटतं काहीतरी झालं.

पाऊलवाट
कुहू, बरेचदा कुणीतरी पाणी मागायला बटण दाबलेलं असतं 😊 पट्ट्याचा दिवा लागला-विझला तरी वाजतं.

फिरस्ता
हँगरमधला, मान्य. एक विचारतो. मागे दाराजवळ बसलो होतो, वर गेल्यावर सारखी बारीक शिट्टी वाजत होती, उतरायला लागलो तशी कमी झाली. हे काय असेल?

हँगरमधला
दाराच्या रबरी कडेतून हवा निसटत असेल असा अंदाज. वर आतला आणि बाहेरचा दाब यात फरक जास्त, उतरताना तो घटतो, म्हणून हे जुळतं. पण न ऐकता खात्रीने नाही सांगणार. अशा वेळी कर्मचाऱ्यांना सांगावं, ते नोंद करतात.

कुहू
मला अशी शिट्टी खिडकीच्या चौकटीतून आली होती, दार तर लांब होतं.

मृण्मयी_क
जाऊबाईंना सीट कुठली घेऊ? पुढची की पंखाजवळची?

पाऊलवाट
पुढची. इंजिनांचा आवाज बराच कमी येतो.

निवांत
मी पंखाजवळची म्हणेन. तिथे हलतं कमी आणि ती फळी आत जाताना दिसते.