विसरभोळेपणा आणि मृत्युपत्र

"आईला डिमेन्शियाचं निदान झालंय, आता तिने केलेलं मृत्युपत्र चालेल का?"

नुसत्या निदानामुळे बाद होत नाही हो, सही करताना डोकं कसं होतं ते बघतात. वार सांगता आला नाही तरी चालतं, पण आपण मृत्युपत्र करतोय, साधारण काय काय आपल्या नावावर आहे, आणि कुणाला देतोय, कुणाला वगळतोय हे कळायला हवं. समजा त्या म्हणाल्या "घर धाकटीला, थोरल्याला आधीच जमीन दिलीये", तर उत्तम. पण थोरला मुलगाच आठवत नसेल तर अवघड आहे. डॉक्टरांनी त्याच दिवशी एकट्यात विचारून उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावीत, नुसतं "फिट" सर्टिफिकेट कोर्टात फार टिकत नाही. आणि ज्याला मिळणारे त्याने खोलीबाहेरच थांबावं, नाहीतर दबावाचा मुद्दा निघतोच.