जर्मनीला क्रीम पाठवायचंय, मदत हवी आहे

मी फेस क्रीम बनवते. जर्मनीतल्या बहिणीला दोन बरण्या पाठवायच्यात, आणि तिच्या मैत्रिणीने पैसे भरून सहा मागवल्यात. बहिणीचं पार्सल ४५ युरोंपर्यंत 'गिफ्ट' म्हणून करमुक्त जातं, पण विकलेल्या मालावर तसं लिहिणं म्हणजे चक्क खोटं. शिवाय युरोपीय संघात विकायचं तर मालाची कायदेशीर जबाबदारी घेणारी तिथली 'रिस्पॉन्सिबल पर्सन' आणि CPNP या त्यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या पोर्टलवर नोंदणी लागते. एवढ्याशा ऑर्डरसाठी कुणी हे केलंय का?

माझ्या क्रीममध्ये रेटिनॉल ०.५ टक्के, तिथली चेहऱ्याची नवी मर्यादा ०.३. म्हणजे मैत्रिणीसाठी वेगळं क्रीम बनवणं आलंच!

खोकं ३०×२०×२० सेंमी, वजन जेमतेम ९०० ग्रॅम, तरी कुरिअरवाला २.४ किलोचे पैसे मागतोय; म्हणे घनफळ भागिले ५०००. काचेच्या बरण्या फुटू न देता खोकं लहान कसं करता?