शब्दचर्चा : ‘जोखीम-समायोजित परतावा’ म्हणजे नेमकं काय, आणि दोन फंडांची तुलना करताना तो कसा वाचायचा?

गंगापूररोडकर
नमस्कार. आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मंडळींसाठी म्युच्युअल फंडांवर चार पानांचं मराठी टिपण तयार करतेय. गाडी ‘रिस्क-ॲडजस्टेड रिटर्न’पाशी अडली आहे. कुठे ‘जोखीम-समायोजित परतावा’ वाचलं, एका पत्रकात ‘जोखीममुक्त परतावा’ छापलंय, आणि शार्प रेशोचं कुणीतरी ‘तीक्ष्ण गुणोत्तर’ करून ठेवलंय. वाचणारे बहुतेक बँकेतून, एचएएलमधून किंवा नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. आकड्यांना ते घाबरत नाहीत, पण मोघम शब्द त्यांना चालत नाहीत.

उदाहरणाला दोन इक्विटी फंड घेतलेत. पहिल्याचा तीन वर्षांचा सरासरी वार्षिक परतावा १६ टक्के, प्रमाण विचलन, म्हणजे परतावा सरासरीच्या वरखाली किती हलतो त्याचं माप, १८ टक्के. दुसऱ्याचा परतावा १३, प्रमाण विचलन ११. बिनजोखमीचा दर ६.५ टक्के धरलाय. पहिल्याचा शार्प रेशो ०.५३ येतो, दुसऱ्याचा ०.५९. म्हणजे कमी परतावा देणारा फंड सरस ठरतो. हे कोणत्या शब्दांत सांगितलं तर पटेल?

मुळाक्षर
ताई, ‘जोखीममुक्त’ तर सरळ काढून टाका. त्याचा अर्थ ज्यात जोखीमच नाही असा परतावा, म्हणजे जवळजवळ उलटा. ‘तीक्ष्ण’ही नको. शार्प हे आडनाव आहे, विल्यम शार्प. आडनावाचं भाषांतर करत नाहीत.

‘समायोजित’ सरकारी परिपत्रकातला वाटतो. त्यापेक्षा ‘जोखीम वजा जाता परतावा’ म्हणा, ‘खर्च वजा जाता नफा’ म्हणतो तसं. आणि सूत्रातला ‘अतिरिक्त परतावा’ म्हणजे निर्देशांकापेक्षा जास्त मिळाला तेवढा. निफ्टी १२ आणि फंड १६, तर अतिरिक्त ४.

आकडेमोड
मुळाक्षर, ‘जोखीममुक्त’ आणि आडनावाबद्दल तुमचं अगदी बरोबर. उरलेल्या दोन गोष्टींना मात्र माझी हरकत आहे, कारण त्या शब्दांनी सूत्रच बदलतं.

एक, ‘वजा जाता’. शार्प रेशोत वजा होतो तो बिनजोखमीचा दर, जोखीम नव्हे. जोखमीने भागायचं असतं:

(फंडाचा परतावा − बिनजोखमीचा दर) ÷ प्रमाण विचलन

जोखीम वजा करायची म्हटली तर पहिल्या फंडाचे १६ वजा १८ होऊन उणे दोन उरतील, आणि त्याला काही अर्थ नाही. दुसरं, ‘अतिरिक्त’ हे निर्देशांकाच्या वर नाही, बिनजोखमीच्या दराच्या वर. निर्देशांकाच्या वरचा परतावा घेऊन, त्या फरकाच्या चढउताराने भागलं की इन्फर्मेशन रेशो होतो. तो फंड मॅनेजरचं कसब बघायला वापरतात. आपल्या फॅक्टशीटांमध्ये बिनजोखमीचा दर म्हणून बहुधा ओव्हरनाइट मायबोर, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे देतात तो दर, धरतात. आकड्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत तो दिलेला असतो.

शार्प यांनी १९६६ साली हे गुणोत्तर मांडलं तेव्हा त्याला स्वतःचं नाव दिलेलं नव्हतं. चढउताराच्या मानाने मोबदला किती, अशा अर्थाचं साधं नाव होतं, आणि १९५४ ते १९६३ या काळातल्या ३४ फंडांना ते लावून दाखवलं होतं. त्यांचं नाव इतरांनी चिकटवलं. म्हणून मला तरी ‘चढउताराच्या मानाने परतावा’ हा मराठी शब्दप्रयोग सगळ्यात जवळचा वाटतो.

सिडकोवाला
मी तर असं समजत होतो की ०.५९ म्हणजे रुपयाच्या जोखमीमागे ५९ पैसे नफा. आणि रेशो जास्त म्हणजे फंड कमी धोक्याचा. बरोबर ना?

शिवाय ताई, तुमचे आकडे जुळत नाहीत. दुसऱ्या फंडाचा शार्प एका ठिकाणी मी ०.१७ बघितला, आणि पहिल्याचा दुसऱ्या ठिकाणी ०.५३. म्हणजे पहिला तिपटीने चांगला की!

आकडेमोड
सिडकोवाला, ‘मागे’ हा शब्द छान पकडलात. तो ‘दरएकक’पेक्षा बोली आहे. पण रुपया नको. प्रमाण विचलनाच्या एका टक्क्यामागे बिनजोखमीच्या दरावर ०.५९ टक्के मिळाले, एवढंच तो आकडा सांगतो. रेशो जास्त म्हणजे धोका कमी, असंही नाही. भरपूर हेलकावे खाणाऱ्या फंडाने त्या मानाने भरपूर दिलं असेल तर त्याचाही रेशो मोठा येतो. धोका किती ते प्रमाण विचलनातच बघायचं.

०.१७ चं कोडं सोपं आहे. मासिक परताव्यांवरून रेशो काढून तो तसाच छापला की तो लहान दिसतो. वार्षिक करायला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.४६ ने गुणतात. ०.१७ गुणिले ३.४६ म्हणजे ०.५९. फंड तोच, आकडाही तोच, एक मासिक आणि एक वार्षिक. ओळखायचं कसं? शेजारी छापलेलं प्रमाण विचलन बघा. इक्विटी फंडाचं ते ३-४ च्या घरात असेल तर मासिक, १०-२० च्या घरात असेल तर वार्षिक. दोन्ही फंडांचे आकडे एकाच ठिकाणचे, एकाच तारखेचे आणि एकाच कालावधीचे घेतले की हा घोळ होत नाही.

गंगापूररोडकर
हे टिपणात घालतेच. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. आमच्याकडचे एक काका म्हणतात, “मला १६ टक्के दिसताहेत, मी १३ का घेऊ? हेलकाव्यांनी माझं पोट भरत नाही.” त्यांना काय सांगू?

आकडेमोड
ताई, ‘मागे’ या शब्दाचा खरा अर्थ इथेच उलगडतो. काकांना दोन्ही फंड एकाच उंचीच्या हेलकाव्यांवर आणून दाखवा.

एक लाख रुपये घ्या. ६१ हजार पहिल्या फंडात आणि ३९ हजार ६.५ टक्के देणाऱ्या लिक्विड फंडात. लिक्विड फंड जवळजवळ हलतच नाही, म्हणून सगळ्या लाखाचं प्रमाण विचलन १८ चं ६१ टक्के, म्हणजे ११. दुसऱ्या फंडाएवढंच. आता परतावा मोजा. ६१ हजारांचे १६ टक्क्यांनी ९,७६० रुपये, ३९ हजारांचे ६.५ टक्क्यांनी २,५३५. एकूण १२,२९५. तेच लाख रुपये दुसऱ्या फंडात असते तर १३,०००. हेलकावे सारखेच, पण सातशे रुपये जास्त. ०.५३ आणि ०.५९ मधला फरक म्हणजे हे सातशे रुपये.

आणि काकांना सगळे पैसे १८ टक्क्यांच्या हेलकाव्यातच ठेवायचे असतील, पडलेल्या वर्षी हातही लावायचा नसेल, तर त्यांचे १६ टक्के त्यांना लखलाभ. शार्प रेशो त्यांना खोटं ठरवत नाही. त्या जादा तीन टक्क्यांची किंमत काय पडली, तेवढं तो सांगतो.

निफाडची_बाग
चर्चा वाचून राहवलं नाही. मी फंडवाला नाही, द्राक्षवाला आहे. आमच्याकडे एखाद्या वर्षी निर्यातीचा माल जातो आणि हात भरतात, तर एखाद्या वर्षी फेब्रुवारीतल्या अवकाळीने मणी तडकतात. मग माझ्या बागेचाही असा रेशो निघेल का? बँकेत पैसे ठेवले असते तर काय मिळालं असतं ते वजा करायचं आणि चढउताराने भागायचं. शेजाऱ्याच्या डाळिंबाशी तुलना करायची होती.

आकडेमोड
दादा, सूत्रात बसवता येईल, पण दोन अडचणी आहेत. एक, तुमच्याकडे वर्षाला एकच आकडा येतो. फंडाचे तीन वर्षांत ३६ मासिक परतावे मिळतात. पाच-सहा हंगामांवर काढलेलं प्रमाण विचलन एका गारपिटीने दुप्पट होईल.

दुसरी अडचण फंडांनाही लागू आहे. प्रमाण विचलन वर गेलेल्या आणि खाली आलेल्या आकड्यांत फरक करत नाही. निर्यातीच्या भरघोस वर्षानेही तुमचा ‘चढउतार’ वाढतो आणि रेशो थोडा दबतो. त्या वर्षाची कुणी तक्रार करत नाही, पण सूत्राला ते कळत नाही. फक्त खालच्या बाजूचे हेलकावे मोजायचे असतील तर सॉर्टिनो रेशो वापरतात.

मुळाक्षर
म्हणूनच मला ‘चढउतार’ पटत नाही. त्यात चढही आला. लोकांच्या मनात जोखीम म्हणजे उतार. ‘अस्थिरता’ बरा.

निफाडची_बाग
अहो, पण सूत्रात चढ धरलेलाच आहे ना? मग ‘चढउतार’च खरा. बाजारभावाला आम्ही कायम चढउतारच म्हणतो, अस्थिरता म्हटलं की सरकार पडल्यासारखं वाटतं.

ओझरहून
ताईंच्या टिपणाचा मी संभाव्य वाचक. माझा प्रश्न ६.५ टक्क्यांबद्दल आहे. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाला सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये ८.२ टक्के मिळतात, सरकारची हमी आहे. माझा बिनजोखमीचा दर तोच नाही का? त्यावर हिशोब केला. पहिला फंड ७.८ भागिले १८, म्हणजे ०.४३. दुसरा ४.८ भागिले ११, म्हणजे ०.४४. फरक जवळजवळ संपलाच.

आकडेमोड
काका, हिशोब चोख आहे. साधारण ८.३ टक्क्यांवर दोघे बरोबरीत येतात आणि त्याच्या वर पहिला फंड पुढे जातो. वजा होणारा दर वाढला की कमी परताव्याच्या फंडाचा त्या मानाने मोठा हिस्सा खाल्ला जातो, म्हणून असं होतं.

पण ८.२ धरावा की नाही यावर मी ठाम नाही. त्या योजनेत ३० लाखांची मर्यादा आहे, मुदत पाच वर्षांची, आणि आधी पैसे काढले तर कपात होते. ज्या पैशाला तो पर्याय खरोखर खुला आहे, त्यापुरता तो तुमचा दर म्हणता येईल. फॅक्टशीटमधले इतर फंडांचे रेशो मात्र मायबोरवर काढलेले असतात, त्यांच्याशी तुमचा ०.४४ ताडून बघता येणार नाही.

आणि ०.५३ विरुद्ध ०.५९ यावर फार भार टाकू नका. दुसऱ्या फंडाच्या ३६ पैकी एकाच महिन्याचा परतावा ४ टक्क्यांनी कमी असता, तर वार्षिक सरासरी १.३३ ने घटून ११.७ च्या आसपास आली असती आणि रेशो ०.४७ च्या जवळ. क्रम तिथेच उलटला असता. तीन वर्षांच्या आकड्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ०.३ आणि ०.९ असे आकडे दिसले, आणि मागच्या तीन वर्षांतही तोच क्रम असला, तर मी लक्ष देईन.

गंगापूररोडकर
मग टिपणात असं लिहिते: ‘शार्प रेशो : चढउताराच्या प्रत्येक टक्क्यामागे, बिनजोखमीच्या दरावर मिळालेला जादा परतावा.’ शेजारी लाख रुपयांचा हिशोब आणि मासिक-वार्षिकची सूचना. ‘जोखीम-समायोजित’ कंसात ठेवते, कारण पत्रकांत तोच शब्द भेटणार.

मुळाक्षर
‘जादा’ चांगला, ‘अतिरिक्त’पेक्षा सुटसुटीत. ‘चढउतार’वर माझी हरकत नोंदवून ठेवा.

ओझरहून
आणि ८.२ चा हिशोब स्वतंत्र चौकटीत द्या ताई. आमच्यापैकी निम्म्यांचे पैसे त्याच योजनेत आहेत. ते आधी तोच आकडा वजा करून बघतील.