पाळीच्या पहिल्या दिवसाच्या कळा: मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन की शेक?

वय २४. पाळी वेळेवर येते, पण पहिल्या दिवशी ओटीपोटात आणि कमरेत जीवघेण्या कळा येतात, कधी उलटीही होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ओसरतं. मेडिकलवाला मेफेनॅमिक आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी देतो. अगदी सहन होईनासं झालं की मी ती घेते. तरी गुण यायला फार वेळ लागतो, शिवाय तोंड कोरडं पडतं आणि झापड येते. मैत्रीण आयब्युप्रोफेन घेते, आई म्हणते फक्त शेक घे. काय करू? आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

शुभदा: आई बरोबर सांगतेय. शेकाने खरंच आराम पडतो. दर महिन्याला गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल व्हायला त्रास होतो.

औषधपेटी: शेकाचं खरं आहे शुभदाताई, पण महिन्यातून एक-दोन दिवस गोळी घेतल्याने वंध्यत्व येत नाही. (मी फार्मासिस्ट आहे.)

मेफेनॅमिक आणि आयब्युप्रोफेन एकाच जातीची औषधं आहेत. पाळीत गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, ते ही औषधं कमी करतात. तयार झालेल्यांवर मात्र त्यांचा जोर चालत नाही, म्हणून उशिरा घेतलेली गोळी कमी पडते. डाग दिसताच किंवा पहिली कळ येताच घे. तुझं कोरडं तोंड आणि झापड बहुधा डायसायक्लोमिनमुळे आहे. त्यामुळे मी आधी साधी आयब्युप्रोफेन ४०० करून बघेन: जेवून, आठ तासांच्या अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मेफेनॅमिक आणि आयब्युप्रोफेन एकत्र नकोत. सोबत शेक चालेल, फक्त पातळ कापडावरून.

अल्सर, किडनीचा त्रास, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर दोन्ही टाळ. तापात डेंग्यूचा संशय असेल तरीही. मेफेनॅमिकनंतर ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं झालं तर बंद करून लगेच दाखव. भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ मध्ये याबद्दल सावध केलं होतं.

कावेरी_न: माझंही आधी असंच होतं. मग पाळी संपली तरी दुखायचं, शौचालाही कळ यायची. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून वर्षानुवर्षं 'सहन कर' एवढंच ऐकलं. शेवटी दुर्बिणीतून एंडोमेट्रिऑसिस सापडलं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलेलं. तुलाही तेच असेल, थेट दुर्बीण करून घे.

औषधपेटी: लगेच दुर्बीण नको ताई, हिचं दुखणं दीड दिवसात थांबतंय. पण वेळेवर गोळी घेऊन दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, दुखणं वाढत गेलं, पाळी नसताना किंवा संबंधांच्या वेळी दुखलं, तासातासाला पॅड भिजू लागलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ताप आणि दुर्गंधी स्राव असेल, किंवा पाळी चुकली आणि एका बाजूला जोरात दुखलं, तर त्याच दिवशी.

मूळ लेखिका: पुढच्या वेळी डाग दिसताच घेऊन बघते. पण उलटीत गोळी पडली तर दुसरी लगेच घ्यायची का?

औषधपेटी: किती वेळाने उलटी झाली त्यावर आहे. गोळी अख्खी दिसली तर गोष्ट वेगळी, नाहीतर अंदाजाने दुसरी घेऊ नकोस. दर वेळी असं होत असेल तर हेही डॉक्टरांना विचारायला हवं.