विशेषणं काढली तरी कल उरतोच

> "'नवीन वेळापत्रक सोयीचे आहे' या विधानावर सर्वेक्षणात सहमत/असहमत विचारतोय. भडक शब्द काढले. आता प्रश्न तटस्थ झाला का?"

अजून नाही. सहमत/असहमत हा साचाच होकाराकडे झुकलेला असतो. घाईत असलेला किंवा ठाम मत नसलेला माणूस सहसा 'सहमत'वर खूण करून पुढे जातो. शंका असेल तर फॉर्ममध्ये बऱ्याच अंतराने 'नवीन वेळापत्रक गैरसोयीचे आहे' हे विधानही टाकून बघा. दोन्हींना 'सहमत' म्हणणारे काही महाभाग हमखास सापडतील.

त्यापेक्षा विधान सोडून थेट विचारा: 'नवीन वेळापत्रक तुम्हाला कितपत सोयीचे किंवा गैरसोयीचे वाटते?' दोन्ही बाजू प्रश्नातच आल्या पाहिजेत. पर्यायही समतोल हवेत: खूप सोयीचे, थोडे सोयीचे, दोन्ही नाही, थोडे गैरसोयीचे, खूप गैरसोयीचे. अनेक फॉर्ममध्ये तीन कौतुकाचे आणि एकच तक्रारीचा पर्याय असतो. तिथे प्रश्न कितीही सरळ असला तरी उपयोग नाही. 'अजून वापरले नाही' हा पर्याय वेगळा ठेवा, नाहीतर ती मंडळी मधल्या पर्यायात जमा होतात.

क्रियापदावरही लक्ष असू द्या. १९४१ साली संशोधक डोनाल्ड रग यांनी अमेरिकेतल्या मतचाचणीतून दाखवलं की लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी नको' म्हणणारे बरेच होते, पण 'बंदी घाला' म्हणणारे स्पष्टपणे कमी. अर्थ जवळपास एकच, तरी आकडे वेगळे.

खात्री हवी असेल तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना जुना आणि निम्म्यांना नवा प्रश्न द्या. मात्र वीस-पंचवीस उत्तरांत दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.